बाह्यरेषेवरून ज्वालामुखीचा प्रकार ओळखताना

जपानमधल्या फुजीचं शिखर 3,776 मीटर उंच आहे आणि तिथून दक्षिणेचा समुद्रकिनारा सरळ रेषेत सुमारे 24 किलोमीटरवर. भागाकार करून कोन काढला तर सरासरी उतार निघतो जेमतेम 9 अंश. पालथ्या ढालीसारख्या पसरट, म्हणजे ढाली ज्वालामुखीचे उतारही साधारण 3 ते 10 अंशांचे असतात, म्हणजे नुसत्या सरासरीवर विसंबलं तर फुजी ढाली ठरेल. तो तसा नाही, हे फोटो पाहणाऱ्या कुणालाही जाणवतं. डोळ्याला जे जाणवतं ते मोजायचं असेल, तर उतार किती यापेक्षा तो वरून खाली येताना कसा बदलतो ते बघावं लागतं.

त्यासाठी फोटोवर पायथ्याची आडवी रेघ मारा, डोंगराच्या उंचीचे तीन समान भाग करा आणि एकाच बाजूचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा मोजा. आडवं 10 सेंटिमीटर जाताना रेषा 1 सेंटिमीटर चढली तर उतार सुमारे 6 अंश, 6 सेंटिमीटर चढली तर 31. फुजीचा वरचा भाग तिसाच्या घरात जातो आणि खालचा पाचाच्या आसपास येतो. अशी आत वाकलेली, खाली येता येता लांबत गेलेली कड ही लाव्हा आणि राखेच्या थरांनी बनलेल्या स्तरज्वालामुखीची खूण. अशा ज्वालामुखीचा लाव्हा बहुधा घट्ट असतो, फार लांब जात नाही. उडालेले मोठे तुकडेही मुखाजवळच पडतात, त्यामुळे माथा उभा राहतो. पुढे पावसाचं पाणी सैल राख आणि दगड चिखलासारखे वाहून नेतं आणि पायथ्याशी पसरवतं.

हवाईतल्या मौना लोआ या ढाली ज्वालामुखीला हीच पट्टी लावा. शिखर 4,169 मीटर, तिथून हिलो शहराचा किनारा सुमारे 60 किलोमीटर, सरासरी 4 अंश. इथे वरचा भाग खालच्यापेक्षा फारसा उभा निघत नाही, बऱ्याचदा माथाच जास्त सपाट असतो. उपडी ठेवलेली परात म्हणा. हजार अंश सेल्सियसच्या वरचा पातळ बेसाल्ट लाव्हा किलोमीटरच्या किलोमीटर वाहत जातो, त्याचा ढीग होतच नाही.

सिंडर शंकूची कड मात्र सरळ असते, वर तीस-बत्तीस अंश आणि खालीही जवळपास तितकीच. बांधकामापुढे ओतलेला खडीचा ढीग आठवा. वरून कितीही खडी टाका, ढीग रुंद होतो, कड जास्त उभी होत नाही. इथे खडीच्या जागी हवेत उडून थिजलेले लाव्हाचे सच्छिद्र तुकडे असतात. माथ्यावर मोठी वाटी असते, म्हणून बाजूने पाहिलं की टोक कापल्यासारखं दिसतं. ताज्या शंकूंची प्रमाणं बरीच ठरलेली आहेत: पायथ्याची रुंदी 1 किलोमीटर असेल तर उंची सुमारे 180 मीटर आणि वाटीची रुंदी सुमारे 400. वाटीच्या काठापासून पायथ्यापर्यंत आडवं अंतर 300 मीटर उरतं. 180 भागिले 300 म्हणजे 0.6, तेच 31 अंश. फुजीची वाटी जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटरची आणि पायथा कित्येक किलोमीटरचा. फोटोत आकाराचा अंदाज देणारं घर-झाड नसेल तेव्हा हे गुणोत्तर फार कामाला येतं, कारण ते डोंगराच्या उंचीवर अवलंबून नाही.

मोजणी चुकते ती बहुधा फोटोमुळे. क्षितिज तिरकं असेल तर एक बाजू उभी आणि दुसरी सपाट भासते, म्हणून दोन्ही बाजू मोजून बघाव्यात. एका बाजूला ताणलेला फोटो तर बादच करायचा. त्याहून फसवा आहे जवळून काढलेला फोटो. कॅमेरा सरळ धरून, शंकूच्या त्रिज्येइतक्या अंतरावर पायथ्याबाहेर उभं राहिलात तर 31 अंशांची कड 27-28 दिसते. त्रिज्येच्या चौथ्या हिश्शावर आलात तर 20. मोजायला फोटो लांबूनचाच घ्यावा. आणि एखादा ढाली ज्वालामुखी खडबडीत माथ्याचा दिसला तर आधी ते उंचवटे वेगळे मोजावेत. हवाईतल्याच मौना केआच्या माथ्यावर सिंडर शंकूच उगवलेले आहेत, ते सगळ्या डोंगराची कड बिघडवतात.

सह्याद्रीतले सपाट माथ्याचे, पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर या मापात बसवू नयेत. खडक लाव्हाचाच आहे, पण आकार झिजेने कोरलेला आहे. त्यातला एखादा टोकदार सुळका म्हणजे ज्वालामुखीचं तोंड नव्हे.

अंदमानातल्या बॅरन बेटावर मात्र जिवंत ज्वालामुखी आहे, आणि तिथे ही पद्धत अर्धीच चालते. सुमारे 3 किलोमीटर रुंदीच्या या बेटात 2 किलोमीटरचा खळगा आहे, भोवती 250 ते 350 मीटरच्या भिंती आणि मधोमध एक शंकू. खळगा पश्चिमेकडे समुद्राला उघडा असल्यामुळे त्या बाजूच्या फोटोत आतला शंकू दिसतो, आणि मोजायला हवा तो हाच. बाहेरचा मोठा डोंगर तळापासून सव्वादोन हजार मीटर पाण्याखाली आहे, म्हणजे उंचीच्या तीन भागांपैकी खालचे दोन फोटोत येतच नाहीत. त्याचा प्रकार कडेवरून ठरत नाही, तिथले खडक पाहावे लागतात.