सीमाशुल्काची हद्द बंदरापासून आत कशी सरकली

जहाजातून उतरलेल्या मालावरचे सीमाशुल्क शतकानुशतके बंदरातच वसूल होत राहिले, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा मालाच्या स्वरूपात अधिक होते. पोती, पिंपे आणि खोकी सुटी उतरत; धक्क्यावरच्या गोदामात त्यांची मोजदाद होई. शुल्क भरण्यापूर्वी हा सुटा माल आगगाडीत घालून शेकडो किलोमीटर आत पाठवला, तर वाटेत किती उतरला, किती बदलला आणि किती चोरीला गेला, हे सांगण्याचे खात्रीशीर साधन सरकारजवळ नव्हते. त्यामुळे माल किनाऱ्यावर अडवून ठेवणे हीच महसुलाची हमी होती.

ही अडचण कंटेनरने सोडवली. १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ या जहाजाने अमेरिकेच्या किनाऱ्याने ५८ कंटेनर नेले, तेव्हा चर्चा झाली ती चढ-उतारीच्या खर्चातील बचतीची. सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती: पेटीच्या दाराला सील लावता येत होते. कंटेनरविषयीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क कराराने यासाठी बांधणीची अट घातली. सील न तोडता किंवा छेडछाडीच्या स्पष्ट खुणा मागे न ठेवता आतला माल काढता येणार नाही, अशीच पेटी सीलबंद वाहतुकीस पात्र ठरते. मालावर पहारा ठेवण्याऐवजी सीलचा क्रमांक जुळतो का एवढे पाहणे पुरेसे झाले, आणि तपासणी किनाऱ्यापासून दूर नेणे शक्य झाले. ब्रिटनमध्ये अशी अंतर्गत केंद्रे याच काळात उभी राहिली.

भारतातील घडामोडींचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, कारण येथे अशी तपासणी करणारा डेपो आधी आला आणि कायद्यातील स्वतंत्र तरतूद नंतर. रेल्वेच्या पुढाकाराने बंगळुरू येथे पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये सुरू झाला. १९८३ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७ मध्ये नवा खंड घालून असे डेपो अधिसूचित करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि ‘सीमाशुल्क बंदर’ या संज्ञेत त्यांचा समावेश केला. समुद्रापासून कितीही दूर असलेली जागा यामुळे कायद्याच्या दृष्टीने बंदर ठरू शकली. रेल्वेच्या ताब्यातील सात डेपो १९८९ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले, १९९३ मध्ये दिल्लीजवळचा तुघलकाबाद डेपो सुरू झाला, आणि २००६ नंतर खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा मिळाली.

आयातीचा एक कंटेनर प्रत्यक्ष कसा जातो ते पाहू. युरोपातून निघालेल्या यंत्रभागांच्या पेटीच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या माल-पावतीवर, जहाजातून उतरण्याचे बंदर न्हावा शेवा आणि माल सुपूर्द करण्याचे ठिकाण तुघलकाबाद असे लिहिलेले असते. जहाज कंपनी मालाचा जाहीरनामा संगणकावर दाखल करते, त्यात या पेटीपुढे पुढील वाहतुकीची नोंद आणि डेपोचा संकेतांक `INTKD6` असतो. बंदराचा संकेतांक `INNSA1` आहे. शेवटचा अंक १ असला तर समुद्री बंदर आणि ६ असला तर अंतर्देशीय डेपो, एवढे कळले की कागद वाचणे सोपे जाते. त्यानंतर बंदरातील सीमाशुल्क अधिकारी पुढे नेण्याचा परवाना देतात. वाटेत माल हरवल्यास सरकारचे शुल्क बुडू नये म्हणून वाहतूकदाराने बंधपत्र दिलेले असते. पेटी गाडीवर चढते आणि आयातदाराचा प्रतिनिधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल करतो ते तुघलकाबादसाठी, न्हावा शेव्यासाठी नव्हे. बंदर तिच्यापुरते केवळ वाटेतले स्थानक उरते.

डेपोच्या फाटकावर पहिली गोष्ट पाहिली जाते ती सील. दांड्यासारखा खिळा आणि त्यावर घट्ट बसणारे बोंड असे हे बाटली सील कटरशिवाय निघत नाही. त्यावरचा क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी ताडून पाहतात. क्रमांक वेगळा निघाला, किंवा दाराच्या कडीचे रिव्हेट नवे आणि रंग ताजा दिसला, तर ती पेटी बाजूला काढली जाते आणि अधिकाऱ्यांसमोर उघडून आतल्या मालाची मोजदाद होते. अनुभवी माणसे सीलइतकेच बिजागऱ्यांकडे पाहतात, कारण सील शाबूत ठेवून दार बिजागरीकडून उतरवण्याची युक्ती जुनी आहे.

चोरीपेक्षा अधिक त्रास होतो तो कागदातील ठिकाणाचा. बिल ऑफ लेडिंगवर सुपूर्दीचे ठिकाण म्हणून डेपोऐवजी बंदराचेच नाव पडले, तर पेटी स्थानिक माल म्हणून नोंदली जाते आणि जाहीरनाम्यात दुरुस्ती होईपर्यंत पुढे सरकत नाही. सगळे कागद बिनचूक असूनही गाडीची वाट पाहावी लागते. एका पूर्ण गाडीत साधारण ४५ वाघिणी आणि वीस फुटी ९० पेट्या असतात. ज्या डेपोसाठी तेवढा माल जमत नाही, त्याच्या पेट्या बंदराच्या आवारातच साचतात. सीमाशुल्काचे काम आत नेल्याने बंदर मोकळे होते, हे म्हणणे म्हणूनच नियमित गाडी असलेल्या डेपोंपुरतेच खरे आहे.

निर्यातीत गोष्ट उलट्या दिशेने चालते आणि तेथील दुबळा दुवा बराच काळ झाकलेला राहिला. डेपोतच शिपिंग बिल, म्हणजे निर्यात मालाचे घोषणापत्र, तपासून निर्यातीची परवानगी मिळते, सील लागते आणि पेटी बंदराकडे निघते. पण माल देशाबाहेर गेला याचा पुरावा डेपोत तयार होत नाही. तो जहाज कंपनीने बंदरात दाखल केलेल्या निर्यात जाहीरनाम्यातून येतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक कराचा परतावा या जाहीरनाम्याशी जोडला गेला, तेव्हा डेपोतून गेलेल्या मालाचे परतावे मोठ्या प्रमाणावर अडकले. डेपोतील नोंद आणि बंदरातील नोंद एकमेकींना सापडत नव्हत्या. कुठे कंटेनर क्रमांकात फरक, तर कुठे बंदरातील जाहीरनाम्यात डेपोच्या शिपिंग बिलांचा उल्लेखच नाही. माल केव्हाच परदेशी पोहोचलेला असे, पण संगणकाच्या लेखी तो देशातच होता. निर्यातदाराचा यात बहुधा दोष नव्हता, आणि चूक दुरुस्त करणेही त्याच्या हाती नव्हते, कारण ती नोंद जहाज कंपनीची होती.

पुढच्या काळात दोन बदल झाले, आणि दोन्हींचा डेपोवर होणारा परिणाम वेगवेगळा आहे. न्हावा शेव्यात विश्वासार्ह आयातदारांना धक्क्यावरूनच थेट पेटी देण्याची सोय वाढवण्यात आली, म्हणजे काही माल पुन्हा बंदरातच मोकळा होऊ लागला. २०२० मध्ये मात्र चेहराविरहित मूल्यांकन लागू झाले: तुघलकाबादला दाखल केलेले बिल ऑफ एन्ट्री दुसऱ्याच शहरातील अधिकारी तपासू शकतो. शुल्काचे वर्गीकरण आणि मूल्य ठरवण्याचे काम त्यामुळे बंदरापासूनही सुटले आणि डेपोपासूनही. पेटी जेथे उभी आहे तेथेच करावी लागणारी कामे आता मुख्यतः दोनच राहिली आहेत: संशय आल्यास दार उघडून मालाची प्रत्यक्ष तपासणी, आणि शुल्क भरल्यानंतर माल आवाराबाहेर सोडण्याचा आदेश.