समुद्रतळावरचा निरक्षर डबा

समुद्राखालची एखादी केबल तुटली की बातम्यांत 'रिपीटर' हा शब्द हमखास येतो आणि सोबत एक ठरलेलं चित्र येतं: काचेच्या धाग्यांतून लाल, हिरवा, निळा उजेड धावतोय. चित्रातला उजेड तर खोटाच असतो. लांब पल्ल्याच्या फायबरमधला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना तो दिसतच नाही. पण 'रिपीटर' या शब्दाने होणारा घोळ जास्त गमतीचा आहे. एकाने मला अगदी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे समुद्राच्या तळाशी बसलेला तो डबा आपले सगळे संदेश वाचून पुन्हा लिहितो ना?"

एके काळी तो खरंच वाचायचा. १९८८ साली टॅट-८ ही अटलांटिकखालची पहिली फायबर केबल सुरू झाली, तेव्हा तिच्या रिपीटरमध्ये आलेला मलूल प्रकाश पकडून त्याची वीज व्हायची, इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक ठिपका शून्य की एक हे ठरवायचं आणि नवा लेझर तोच मजकूर कोरा करकरीत लिहून पुढे पाठवायचा. आजच्या डब्यालाही रिपीटरच म्हणतात, पण तो पूर्ण निरक्षर आहे. त्याला एकही अक्षर कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच एका फायबरमधून कितीतरी रंग एकाच वेळी जाऊ शकतात.

आधी मुळात डबा लागतोच कशाला ते पाहू. फायबरची काच कमालीची स्वच्छ असते, पण पूर्ण पारदर्शक नसते. सर्वांत कमी गळती १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास होते. त्याहून आखूड लहरी काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे जास्त विखुरतात आणि त्याहून लांब लहरी काच स्वतःच शोषू लागते. या सोयीच्या जागीसुद्धा साधारण दर १५ किलोमीटरला प्रकाश निम्मा होतो. ऐकायला हे फारसं वाईट वाटत नाही, पण निम्म्याचं निम्मं करत गेलं की काय होतं ते बघा. एक मिलिवॉटचा लेझर घेतला तर या तरंगलांबीला तो सेकंदाला सुमारे ७,८०० लाख कोटी फोटॉन सोडतो. ५३ वेळा निम्मे केल्यावर, म्हणजे जेमतेम ७९५ किलोमीटरवर, सेकंदाला सरासरी एक फोटॉनही उरत नाही. आपल्याला महासागर ओलांडायचाय! ६,००० किलोमीटर धरले तर ४०० वेळा निम्मं. सुरुवातीला कितीही मोठा लेझर लावला तरी हा हिशेब जुळणार नाही. मध्ये मध्ये भर घालावीच लागते.

आता रंगांकडे येऊ. एका लेझरकडून जास्तीत जास्त वेगाने लुकलुक करून घेण्यापेक्षा वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेझर एकाच फायबरमध्ये सोडायचे आणि पलीकडे त्यांना वेगळं करायचं, ही कल्पना रेडिओ केंद्रांइतकीच साधी आहे. एकाच हवेतून पन्नास केंद्रं चालतात, आपण हवं ते लावतो. प्रकाशाच्या केंद्रांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९३.१ टेराहर्ट्झ ही खूण धरून जागा आखून दिल्या आहेत. त्यातल्या एका प्रचलित आखणीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सुमारे ०.८ नॅनोमीटरचं अंतर असतं. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात असे चाळीस रंग आरामात बसतात. आपण त्यांना रंग म्हणतोय खरं, पण डोळ्यांना दिसलेच असते तरी कोणता कोणता हे ओळखता आलं नसतं, इतके ते एकमेकांच्या जवळ असतात.

जुन्या, वाचणाऱ्या रिपीटरने इथेच हात टेकले असते. दर ७५ किलोमीटरला एक डबा धरला तर ६,००० किलोमीटरच्या वाटेवर ८० मुक्काम होतात. प्रत्येक मुक्कामावर चाळीस रंग वेगळे करा, चाळीस ग्राहक यंत्रांनी वाचा, चाळीस लेझरांनी लिहा, पुन्हा एकत्र करा. ३,२०० वाचक-लेखक जोड्या, तीन-चार किलोमीटर पाण्याखाली, केबलमधूनच पाठवलेल्या विजेवर चालणाऱ्या! आणि तेही एकाच दिशेसाठी. उद्या वेग बदलायचा ठरवला तर सगळे डबे वर काढा.

१९८७ च्या सुमारास ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी, तसंच अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये इमॅन्युएल देझुर्व्हीर यांनी दाखवलं की यातलं काहीही करायची गरज नाही. फायबरच्या गाभ्यात अर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळायचा. असा दहा-वीस मीटरचा तुकडा वाटेत जोडायचा आणि त्यात बाजूने ९८० नॅनोमीटरचा दुसरा लेझर सोडायचा. त्याला पंप म्हणतात. पंपाचा फोटॉन गिळला की अर्बियमचा आयन वरच्या ऊर्जा पातळीवर चढतो आणि लगेच किंचित खाली घसरून एका मधल्या पातळीवर थबकतो. तेवढ्यात आपल्या संदेशातला एखादा फोटॉन जवळून गेला, तर त्याच्या चिथावणीने आयन खाली उतरतो आणि उतरताना नवा फोटॉन सोडतो. हा हुबेहूब जुळा असतो: तीच तरंगलांबी, तीच दिशा, तीच लय. एकाचे दोन, दोनाचे चार असं होत मलूल प्रकाश तीसपट-शंभरपट होऊन बाहेर पडतो. अर्बियमचा हा उतार नेमका १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतो, म्हणजे जिथे काच सर्वांत कमी गळते तिथेच. याला मी निव्वळ नशीब म्हणेन.

'फुकट ऊर्जा' देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी इथे खूश होऊ नये. तीसपट झालेल्या प्रकाशाचा प्रत्येक कण पंपाच्या खर्चातून आलेला असतो. ९८० चा फोटॉन जास्त ऊर्जेचा आणि १५५० चा कमी, मधला फरक उष्णता होऊन वायाच जातो.

आता माझा लाडका मुद्दा. तो आयन मधल्या पातळीवर थबकतो म्हणजे किती वेळ? कोणी चिथावलं नाही तर सरासरी १० मिलिसेकंद. अणूंच्या जगात हा म्हणजे जवळजवळ एक जन्म. सेकंदाला १,००० कोटी ठिपके पाठवणारा एक रंग तेवढ्या वेळात १० कोटी ठिपके पाठवून मोकळा होतो. गच्चीवर मोठी टाकी आहे आणि खाली चाळीस नळ आहेत असं समजा. नळ क्षणाक्षणाला उघडतात, मिटतात, पण टाकी इतकी मोठी की पाण्याची पातळी हलत नाही. तिला फक्त सरासरी खप कळतो. अर्बियमचं तसंच आहे. तांबड्या टोकाच्या रंगात आत्ता शून्य गेलं की एक, याचा त्याला पत्ता नसतो, त्यामुळे शेजारच्या रंगाला मिळणारी वाढही बदलत नाही. चाळीस रंग एकाच तुकड्यात एकत्र वाढतात आणि एकमेकांचा धक्काही लागत नाही.

अर्धवाहकाचा प्रकाश-वर्धकही बनतो. तो आकाराने छोटा आणि स्वस्त असतो, पण त्याची साठवण नॅनोसेकंदाच्या आसपासच रिकामी-भरती होते. ती टाकी नव्हे, लोटा. एका रंगात सलग एकेक आले की लोटा आटतो आणि दुसऱ्या रंगावर त्या मजकुराची सावली पडते. इथे चपळ गडी नापास होतो आणि सुस्त गडी पास. (प्रत्यक्ष कामात पंप आणि संदेशाच्या झोतामुळे अर्बियम १० मिलिसेकंदांपेक्षा बराच लवकर प्रतिसाद देतो, पण ठिपक्यांच्या मानाने तरीही गोगलगाय.) १९९६ च्या टॅट-१२/१३ केबलमध्ये अटलांटिकखाली हेच अर्बियमचे वर्धक बसले.

निरक्षरपणाची किंमत मात्र मोजावी लागते. वाचणारा रिपीटर घाण गाळून कोरा मजकूर लिहायचा. हा डबा घाणही तितकीच वाढवतो, वर स्वतःची भर घालतो. थबकलेल्या आयनांपैकी काही कोणी न चिथावता, आपणहून उतरतात. त्यांचा फोटॉन कशाचाच जुळा नसतो. तो गाभ्याच्या दिशेने निघाला तर पुढे त्याचेही जुळे होत जातात. हा गोंगाट पूर्ण बंद करता येत नाही, कारण चिथावणीने उतरू शकणारा आयन आपणहूनही उतरणारच.

म्हणून डबे किती अंतरावर ठेवायचे याचा हिशेब उलटा वाटतो. डबा महाग, तर कमी डबे लावू, असं कोणालाही वाटेल. ७५ किलोमीटरला प्रकाश पाचदा निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक डब्याने ३२ पट वाढवायचं. डब्याचा स्वतःचा गोंगाट ढोबळमानाने वाढीतून एक वजा केल्याइतक्या प्रमाणात असतो: ८० डबे गुणिले ३१, म्हणजे २,४८०. आता अंतर १५० किलोमीटर करून डबे निम्मे करू. प्रकाश दहादा निम्मा झाला, वाढ १,०२४ पट हवी आणि गोंगाट ४० गुणिले १,०२३, म्हणजे ४०,९२०. निम्मे डबे, गोंगाट सोळापटीहून जास्त. सुरुवातीलाच प्रकाश वाढवून हे भरून काढावं म्हटलं, तर फार तीव्र प्रकाशात काचच बिथरते आणि तीन रंगांच्या मिसळणीतून चौथ्याच्या जागी भूत उभं राहतं.

आणखी एक खोड म्हणजे अर्बियम सगळ्या रंगांशी सारखं वागत नाही, १५३० जवळच्यांवर त्याचा जास्त जीव. एखाद्या रंगाला दर डब्यात फक्त दोन टक्के कमी मिळाले तरी ८० डब्यांनंतर तो एक पंचमांश उरतो. त्यामुळे प्रत्येक डब्यात लाडक्या रंगांना मुद्दाम दाबणारा गाळणीसारखा भाग असतो.

बिघाड ओळखताना हा निरक्षर डबा नवख्याला हमखास फसवतो. समजा सुरुवातीच्या टप्प्यात फायबर तुटलं, पण पुढच्या डब्यांची वीज चालू आहे. पहिल्या डब्याकडे संदेश येत नाही. त्याची टाकी तुडुंब भरलेली, तो नुसता आपला गोंगाट पुढे ढकलतो. पुढचा डबा त्यालाच वाढवतो, त्याच्या पुढचाही. प्रत्येक डबा आपली ठरलेली ताकद गाठेपर्यंत वाढवत जातो, त्यामुळे काही डब्यांनंतर एकूण प्रकाश जवळजवळ नेहमीइतका होतो. पलीकडच्या टोकाला साधं शक्तिमापक लावलं तर आकडा ठणठणीत, पण एकही ठिपका वाचता येत नाही. खरी परिस्थिती दिसते ती वर्णपट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर. सगळं ठीक असताना तिथे चाळीस सरळ सुळके गोंगाटाच्या बुटक्या उंचवट्यातून वर आलेले दिसतात, आणि सुळक्याचं टोक उंचवट्यापासून किती वर आहे यावरून त्या रंगाची तब्येत कळते. फायबर तुटल्यावर सुळके गायब झालेले असतात आणि सगळी ताकद खाऊन फुगलेली एक गुळगुळीत टेकडी तेवढी उरते.