कवटीच्या छायाचित्रावरून प्राण्याची ओळख

शेतात, बांधावर किंवा माळावर सापडलेल्या कवटीचे वा हाडांचे छायाचित्र पाहून प्राण्याचे कुल, आणि शक्य असल्यास जाती, ठरवण्याची पद्धत. तुलनेसाठी अस्थिसंग्रह लागतो. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात उत्खननातील प्राण्यांची हाडे ओळखण्याचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. येथे मुख्यतः महाराष्ट्राच्या पठारी भागातील मांसाहारी प्राण्यांच्या कवट्यांचा विचार केला आहे, कारण सर्वाधिक घोटाळा त्यांच्याच बाबतीत होतो.

पहिली पाहणी डोळ्याच्या खोबणीची. गाय, म्हैस, शेळी, हरिण यांच्या खोबणीला मागून हाडाची पूर्ण कड असते आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. कुत्रा, बिबट्या, तरस यांची खोबण मागे उघडी राहते. डुकराचीही उघडीच असते, पण त्याचा लांबट मुखभाग आणि उंच चढत गेलेला कवटीचा मागचा भाग सहसा लपत नाही.

त्यानंतर सुळ्यामागचे दात मोजावेत. दात गळून पडले असले तरी त्यांच्या खाचा राहतात आणि त्या मोजल्या तरी चालते. श्वानकुलात वरच्या जबड्याच्या एका बाजूला सुळ्यामागे सहा दात असतात, मार्जारकुलात चारच. त्यांतला पहिला आणि शेवटचा अगदी बारीक. तरसाला पाच, त्यांतल्या उपदाढा हाडे फोडण्याजोग्या जाड. खालच्या जबड्यात कुत्रा, कोल्हा व लांडगा यांना सात, तर रानकुत्र्याला (ढोल) सहा, कारण त्याला शेवटची दाढ नसते. ही मोजणी पूर्ण वाढलेल्या जनावरापुरती आहे. पिल्लांच्या दुधाच्या दातांना ती लागू पडत नाही.

ऊसतोडीच्या वेळी सापडणारी, सुमारे १८ सेंमी लांबीची, लांब सुळे असलेली कवटी ‘बिबट्याच्या पिल्लाची’ म्हणून पाठवली जाते, हे नेहमीचे उदाहरण. तालूच्या बाजूने घेतलेल्या चित्रात सुळ्यामागे सहा खाचा दिसल्या की बिबट्या बाद होतो. सुळा जवळून पाहिला तर त्यावर उभी खोबणरेषा नसते. मार्जारकुलातील सुळ्यांवर ती असते. डोळ्यांमागच्या हाडाच्या टोकांवर वरून खोलगट खळगा असता तर खोकड म्हटले असते. येथे ती टोके फुगीर आहेत, म्हणजे कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा. कोल्ह्याची कवटी साधारणतः याहून लहान आणि मुखभागाने निमुळती असते, भारतीय लांडग्याची बहुधा २० सेंमीच्या पुढे. कपाळाकडून नाकाकडे येणारा उतार अचानक खाली येत असेल, तर गावठी कुत्रा हा निष्कर्ष धरायला हरकत नाही.

कुत्रा आणि लांडगा यांतला भेद मात्र वादग्रस्त आहे. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या व खालच्या कडांना जोडणारी रेषा कवटीच्या माथ्याच्या आडव्या पातळीशी जो कोन करते, तो लांडग्यात सुमारे ४०° ते ४५° आणि कुत्र्यात ५३° ते ६०° असतो, असे संशोधक इलिन यांच्या १९४१ च्या लेखनापासून उद्धृत केले जाते. पुढील मोजणींत दोन्ही गटांचे कोन बऱ्याच प्रमाणात एकमेकांत मिसळलेले आढळले. शिवाय समोरून किंचित तिरपे चित्र घेतले तरी कोन बदलतो. त्यामुळे छायाचित्रावरून केवळ कोन मोजून निर्णय देणे टाळणेच बरे. दातांचा आकार आणि मुखभागाची रुंदी एकत्र पाहणे अधिक विश्वसनीय वाटते. पुणे जिल्ह्यातील माळरानांवर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाल्याने हाडांवरून रेषा आखणे आणखी अवघड झाले आहे.

मापनातील चूक बहुतेक वेळा छायाचित्रणातच होते. पट्टी जमिनीवर, कवटीचा माथा तिच्यापासून ८ सेंमी वर आणि मोबाइल जमिनीपासून ५० सेंमीवर असेल, तर माथ्याजवळची मापे सुमारे १९ टक्के मोठी दिसतात; म्हणजे कुत्राही लांडगा ठरू शकतो. मोबाइल दीड मीटरवर नेऊन झूम केल्यास हीच चूक सहा टक्क्यांच्या आत येते. पट्टी मोजायच्या भागाच्याच उंचीवर, खाली पुस्तके वगैरे ठेवून, धरणे उत्तम. वरून, तालूकडून, बाजूने आणि समोरून अशी चार चित्रे व खालच्या जबड्याचे एक, एवढे पुरते.

सुट्या लांब हाडावरून, सांध्याची टोके शाबूत नसल्यास, आकारमानापलीकडे फारसे सांगता येत नाही. वाळलेल्या अवशेषांत साळिंदराचे काटे किंवा खवले मांजराचे खवले शंकेला जागा ठेवत नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राण्याची कवटी वा हाडे बाळगणे गुन्हा ठरू शकते. म्हणून संशय असल्यास अवशेष जागीच ठेवून चित्रे घ्यावीत आणि वन विभागास कळवावे.