कोजागिरीचा पेला आणि न फुटलेली साखर

कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटवायचं काम मावशीचं. म्हशीचं दूध, मंद आच, तळाला लागू नये म्हणून सतत ढवळणं, शेवटी केशर, जायफळ आणि चारोळी. नैवेद्य दाखवून झाला की ती सगळ्यांचे पेले भरते. स्वतः मात्र चमचाभर चाखते आणि म्हणते, "मला दूध सोसत नाही रे." चहा तिला चालतो. जेवताना ताक लागतंच. श्रीखंड ती आवडीने खाते. पण पेलाभर दूध पोटात गेलं की तासा-दीड तासात पोट डब्ब होतं, गुडगुडायला लागतं, कळा येतात आणि पहाटेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात.

घरात याची कारणंही ठरलेली होती. पित्त, वय, नाहीतर म्हशीचं दूध जड. खरं कारण वेगळं आहे, आणि काय चालतं, काय चालत नाही या तिच्या यादीतच ते दडलेलं आहे.

दुधात स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. आपण वरून घालतो ती ही नव्हे. गाई-म्हशीच्या दुधात ती साधारण पाच टक्के असते, पण फारशी गोड नसल्यामुळे जिभेला जाणवत नाही. लॅक्टोजचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरांची जोडी. या दोन साखरा सुट्या असतील तर आतड्याच्या भिंतीतून सहज रक्तात जातात. जोडी मात्र तशीच्या तशी आत जाऊ शकत नाही. आधी ती फोडावी लागते, आणि फोडण्याचं काम लॅक्टेज नावाचं विकर करतं. नावांत एका कान्याचा फरक आहे, तेवढा ध्यानात ठेवायचा: लॅक्टोज ही साखर, लॅक्टेज हे तिला फोडणारं विकर.

हे लॅक्टेज लहान आतड्याच्या आतल्या बाजूला, मखमलीच्या लवेसारखे जे उंचवटे असतात, त्यांच्या पेशींवर बसलेलं असतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, कारण बाळाचं सगळं पोषण दुधावरच चालतं. अंगावरचं दूध सुटलं की पुढच्या काही वर्षांत बहुतेकांच्या शरीरात ते हळूहळू कमी होत जातं. सगळ्याच सस्तन प्राण्यांत असं घडतं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टेज असं कमी झालेलं असतं. म्हणून याला रोग म्हणायला मी तयार नाही. विकर बनवणारं जनुक बिघडलेलं नसतं, फक्त त्याचा आवाज वयाबरोबर खाली आणला जातो. ज्यांच्या शेजारच्या डीएनएमध्ये एका अक्षराचा बदल असतो, त्यांच्यात तो आवाज मोठेपणीही तसाच राहतो. हा बदल फिनलंडमधल्या संशोधकांनी 2002 साली शोधून काढला. भारतातही तोच बदल सापडतो, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

मोठ्या जुलाबानंतर किंवा आतड्याच्या काही आजारांतही लॅक्टेज तात्पुरतं घटतं, कारण ते लवेच्या अगदी शेंड्याशी असतं आणि झीज होते ती आधी शेंड्याचीच. लव पुन्हा वाढली की तेही परत येतं. मावशीचं तसं नाही, तिचा त्रास विशी-पंचविशीपासूनचा.

आता तो कोजागिरीचा पेला जरा हिशेबात घेऊ. समजा 300 मिलिलिटर दूध आटवून एक पेला झालं. आटवताना पाणी उडतं, साखर उडत नाही. म्हणजे पेल्यात साधारण 15 ग्रॅम लॅक्टोज उरलं. मावशीच्या लहान आतड्यात ते फुटत नाही, म्हणून आतच राहतं, आणि साखर जिथे असते तिथे पाणी खेचते. रक्ताइतका विरळपणा यायला या 15 ग्रॅम साखरेला सुमारे 150 मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे जवळजवळ एक कपभर पाणी आतड्यात अडकून पडतं. या पातळ लोंढ्याने आतडं ताणलं जातं, सगळं भराभर पुढे सरकतं, आणि साखर मोठ्या आतड्यात पोचते.

तिथे जिवाणूंची दाट वस्ती असते. त्यांच्यापैकी अनेकांकडे लॅक्टोज फोडणारं स्वतःचं विकर असतं. ते साखर फोडतात, आंबवतात, आणि त्यातून आम्लं आणि वायू तयार होतात: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. मावशीचं डब्ब झालेलं पोट आणि कळा हा या वायूचा ताण. पोटातल्या हायड्रोजनचा काही भाग रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. आपल्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, म्हणून श्वासात तो वाढला की कुठेतरी साखर आंबते आहे हे नक्की. लॅक्टोजच्या तपासणीचं तत्त्व हेच. उपाशीपोटी ठरावीक लॅक्टोज पाण्यातून पाजतात, बहुधा 25 किंवा 50 ग्रॅम, आणि दोन-तीन तास ठरावीक अंतराने श्वास मोजतात. सुरुवातीपेक्षा दशलक्ष भागांत 20 भाग वाढ झाली की लॅक्टोज पचलेलं नाही असं धरतात.

मात्र लॅक्टेज कमी असणं आणि त्रास होणं या दोन गोष्टी एक नव्हेत. लॅक्टेज कमी असलेले बरेच जण एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारशी तक्रार न होता पचवतात, विशेषतः जेवणासोबत घेतलं तर. मावशीच्या चहात जेमतेम 40 मिलिलिटर दूध असतं, म्हणजे दोन ग्रॅम साखर. शिल्लक राहिलेल्या विकराला तेवढं झेपतं. कोजागिरीचा पेला ती मर्यादा ओलांडतो, शिवाय एकदम आणि रात्री उशिरा पोटात जातो.

यावर उपाय म्हणून लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. पोटात जे विकर कमी पडतं तेच बाहेरून पुरवायचं. गोळ्यांतलं लॅक्टेज प्राण्यांचं नसतं, ते अॅस्परजिलस जातीच्या बुरशीपासून मिळवतात. याच जातीची एक बुरशी जपानमध्ये सोयाबीन आंबवायला वापरतात. या विकराचं वैशिष्ट्य असं की ते जठरातल्या आंबट वातावरणातही काम करतं. दूधवाल्या कंपन्या लॅक्टोजमुक्त दूध बनवताना वापरतात ते लॅक्टेज वेगळं. ते यीस्टचं असतं, दुधाच्या जवळजवळ उदासीन वातावरणात छान चालतं, पण आम्लात लगेच निकामी होतं. म्हणून ते दुधात आधी मिसळून काम करून घेण्यासाठी योग्य, गोळीत घालायला नाही.

गोळीची ताकद मिलिग्रॅममध्ये नव्हे, विकर किती वेगाने काम करतं हे सांगणाऱ्या एफसीसी युनिटमध्ये लिहितात. युरोपच्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी लॅक्टोज असलेल्या प्रत्येक जेवणासोबत किमान 4500 युनिट असा आकडा धरलेला आहे. या युनिटची चाचणी लॅक्टोजवर नाही, तर सहज मोजता येणाऱ्या दुसऱ्या एका रसायनावर, ठरावीक आंबटपणाला आणि अंगाच्या तापमानाला होते. तोच वेग लॅक्टोजला लावला तर 4500 युनिट मावशीच्या पेल्यातली 15 ग्रॅम साखर कागदावर दहाएक मिनिटांत फोडतील. जठरात तसं होत नाही. दूध पडलं की तिथला आंबटपणा आधी कमी होतो, मग पुन्हा वाढत जातो. विकराला सोयीची वेळ मधेच येते आणि निघून जाते. आंबटपणा फार वाढला की ते निकामी होतं, आणि प्रथिन असल्यामुळे शेवटी पचूनही जातं. म्हणून गोळीने साखर बरीच फुटते, सगळी नाही. इथे म्हशीच्या दुधातली साय उपयोगी पडते, कारण स्निग्धांशामुळे दूध जठरात जास्त वेळ थांबतं.

यावरून गोळी कधी घ्यायची तेही कळतं. पहिल्या घोटाबरोबर. तासभर आधी घेतली तर दूध येईपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते. पोट गुडगुडायला लागल्यावर घेतली तर दूध तिच्या पुढे निघून गेलेलं असतं. पाऊण-एक तासाने दुसरा पेला घेतला तर दुसरी गोळी लागते. आणि ती कुटून उकळत्या दुधात कधीच घालू नये, उष्णतेने विकर मरतं. कोजागिरीचं दूध तर चुलीवरूनच उतरलेलं असतं.

औषधाच्या दुकानात नुसतं "पचनाचं एन्झाइम" मागू नका. सर्रास मिळणाऱ्या पाचक सिरपांमध्ये डायस्टेज आणि पेप्सिन असतं. पहिलं पिठूळ पदार्थ फोडतं, दुसरं प्रथिनं. लॅक्टोजला दोघंही हात लावत नाहीत. मावशीने असं सिरप दोन वर्षं घेतलं होतं, फरक काहीच पडला नाही. बाटलीवर किंवा पाकिटावर लॅक्टेज हा शब्द आणि युनिटचा आकडा दिसलाच पाहिजे.

विकर खरंच काम करतं का हे तिला डोळ्यांनी दाखवावं म्हणून मी लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणल्या. या पट्ट्यांना फक्त ग्लुकोज कळतं, लॅक्टोज कळत नाही. वाटीभर कोमट दुधात पट्टी बुडवली, रंग होता तसाच राहिला. मग त्याच दुधात बाळांसाठी मिळतात ते लॅक्टेजचे थेंब घातले आणि अर्धा तास झाकून ठेवलं. नवीन पट्टी बुडवली तर निळसर चौकोन बघता बघता हिरवा आणि मग तपकिरी झाला. मावशीने ते दूध चाखलं आणि विचारलं, "साखर घातलीस का?" नव्हती घातली. फुटलेल्या दोन्ही साखरा लॅक्टोजपेक्षा गोड असतात.

तिच्या यादीतलं उरलेलंही मग सुटत गेलं. दही लागताना जिवाणू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात, आणि जिवंत पोटात गेलेल्या जिवाणूंचं विकर आतड्यात उरलेलं लॅक्टोज फोडायला मदत करतं. ताकात पाणी घातल्यामुळे ते आणखी विरळ होतं. श्रीखंडासाठी दही टांगलं की लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे बरंचसं फडक्यातून गळून जातं. वरून घातलेली साखर वेगळी आणि ती फोडणारं विकरही वेगळं, ते तिच्याकडे व्यवस्थित आहे. तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. उलट खवा आणि पेढ्यात ते एकवटलेलं असतं. दिवाळीत "दूध तर प्यायले नाही" म्हणत तिचं पोट का बिघडायचं, ते असं कळलं.

एक गोष्ट मात्र या गोळीच्या आवाक्यात अजिबात येत नाही. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, हे लॅक्टोजचं काम नव्हे. ती दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असते. तिथे साखर फोडून काहीही साधत नाही आणि दूध पूर्ण बंद करून डॉक्टरकडेच जावं लागतं. लहान बाळाला थेंब द्यायचे की नाही, हेही डॉक्टरांनीच ठरवावं.

गेल्या कोजागिरीला मावशीने पेला भरला, निवेपर्यंत दम धरला, आणि पहिल्या घोटाबरोबर गोळी घेतली. रात्री पोट जरासं गुडगुडलं, पण उठावं लागलं नाही. यंदा ती आटवायला जास्त दूध घेणार आहे.