तळ्याच्या पाण्याचे सूक्ष्मदर्शकी छायाचित्र : जीव व रचना ओळखणे

तळ्यातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या चित्रात कोणकोणते जीव, त्यांचे अवयव आणि निर्जीव कण दिसतात, हे ठरवण्याची पद्धत. जिवंत थेंब पाहताना जीवाची चाल खूप काही सांगून जाते. चित्रात चाल नसते, म्हणून आकारमान, रंग आणि कडा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सुरुवात आकारमानापासून करावी. चित्राखाली ‘१०० पट’ असे लिहिलेले असते, पण त्यावरून फारसे काही कळत नाही. तेच चित्र मोबाइलवर आणि मोठ्या पडद्यावर वेगवेगळे मोठे दिसते. उपयोगी पडते ती मोजपट्टी. १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेली काचपट्टी त्याच कॅमेऱ्याने, त्याच वस्तुभिंगातून एकदा टिपून ठेवतात. त्या चित्रात १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन, २००० पिक्सेलांत मावले, तर एका मायक्रॉनला दोन पिक्सेल पडतात. चित्र नंतर लहान-मोठे केले की हा हिशेब बदलतो, आणि घोटाळे बहुधा इथेच होतात.

आता अशा एका चित्रातला हिरवा, लांबट जीव घेऊ. त्याची लांबी २४० पिक्सेल भरते, म्हणजे तो १२० मायक्रॉन लांब आहे. हिरवा म्हटल्यावर पहिले नाव सुचते ते युग्लीना या एकपेशीय जीवाचे. नेहमी आढळणारे युग्लीना याच्या निम्मे असतात, पण मोठ्या जातीही आहेत, त्यामुळे नुसत्या लांबीवरून ते बाद होत नाही. पुढचा पुरावा कडेवर मिळतो. चित्र मोठे केल्यावर जीवाभोवती बारीक, धूसर झालर दिसते. त्या पक्ष्माभिका, म्हणजे पोहायला उपयोगी पडणारे केसांसारखे बारीक धागे आहेत. युग्लीनाला अशी झालर नसते, त्याला पुढच्या टोकाला चाबकासारखी लांब कशाभिका असते आणि तिथेच लाल नेत्रबिंदू असतो. या चित्रात लाल ठिपका कुठेच नाही.

मग हिरवेपणा कशाचा? आत ४-५ मायक्रॉनचे गोल हिरवे दाणे सर्वत्र सारखे पसरलेले आहेत. ही या जीवाची स्वतःची हरितलवके नव्हेत. त्याच्या पेशीत वस्तीला असलेली ती एकपेशीय हिरवी शैवाले आहेत. खाल्लेली शैवाले वेगळी ओळखू येतात : ती अन्नरिक्तिकांत, म्हणजे अन्न पचवणाऱ्या पिशव्यांत गोळा झालेली आणि पचू लागल्यावर तपकिरी पडलेली दिसतात. त्यातच एका बाजूला तिरकी खाच आहे, ती मुखखाच. पक्ष्माभिका, मुखखाच, हिरवे दाणे आणि १२० मायक्रॉन लांबी हे सगळे एकत्र धरले की उत्तर पॅरामिशियम बर्सारिया असे येते. हिरवे दाणे बाळगणारे आणखीही पक्ष्माभिकाधारी जीव आहेत, जसे स्टेंटॉरची एक जात, पण पसरलेला स्टेंटॉर कर्ण्यासारखा दिसतो.

या जीवात जास्तीचे पाणी बाहेर टाकणाऱ्या दोन संकोची रिक्तिका असायला हव्यात. चित्रात एकच दिसते, मधोमध पारदर्शक गोल आणि भोवती ताऱ्यासारख्या निघालेल्या नलिका. म्हणून ओळख चुकली असे होत नाही. रिक्तिका थोड्या-थोड्या वेळाने भरते आणि रिकामी होते, आणि चित्र नेमके रिकामे होण्याच्या क्षणी टिपलेले असू शकते. शिवाय चित्रात एकच पातळी स्पष्ट येते, तिच्या वर-खालचे सारे पुसट होते. म्हणूनच दिसलेली रचना हा पुरावा धरावा, न दिसलेली रचना नव्हे. याच कारणाने लाल ठिपका नाही, एवढ्यावरून युग्लीना बाद करता आले नसते. ते काम झालरीने केले.

रंगाचा इशारा इतरत्रही उपयोगी पडतो. काचेसारख्या ताठ कवचात सोनेरी-तपकिरी रंग असला तर तो डायाटम, एक एकपेशीय शैवाल. रंग लवकांत न साठता पेशीभर निळसर-हिरवा पसरलेला असला तर सायनोबॅक्टेरिया. पेशीच्या कडेने फिरत गेलेली हिरवी फीत म्हणजे स्पायरोगायरा. रोटिफर मात्र फसवतो. तो पॅरामिशियमएवढाच असू शकतो, पण बहुपेशीय प्राणी आहे. शरीरात चर्वण करणारे कठीण जबडे दिसले की शंका उरत नाही.

काही गोष्टी जीव नसतातच. जाड काळी कडा आणि उजळ मध्य असलेले अगदी नेमके वर्तुळ बहुधा हवेचा बुडबुडा असतो. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो आणि त्याला आडव्या भिंती नसतात. बहुतेक तंतुमय शैवालांत त्या असतात. प्रत्येक चित्रात त्याच जागी येणारा डाग कॅमेऱ्यावरच्या किंवा भिंगावरच्या धुळीचा. पाणी सुकत आल्यावर आच्छादक काचेखाली जीव दबून चपटे व रुंद होतात, तेव्हा आकारावर विसंबू नये.

बहुतेक चित्रांतून ओळख प्रजातीपर्यंत, म्हणजे स्पायरोगायरा किंवा पॅरामिशियम एवढ्यावर थांबते. त्यापुढची जात सांगायला स्पायरोगायराचे, दोन पेशींच्या मीलनातून बनणारे पक्व युग्मबीजाणू लागतात, आणि डायाटमचे कवच आम्लाने स्वच्छ करून त्यावरच्या बारीक रेघा मोजाव्या लागतात. वरच्या उदाहरणात जात सांगता आली ती हिरव्या दाण्यांमुळे. त्याच चित्रात रंगहीन पॅरामिशियम असते, तर ‘पॅरामिशियमची एक जात’ एवढेच लिहिणे योग्य ठरले असते.