फरशीवर फरशी? आधी नाणं वाजवून बघा

नाशिकच्या इंदिरानगरला मावशीचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. नव्वदच्या दशकातली इमारत, हॉल दहा बाय सोळा, खाली एक फुटी चकचकीत सिरॅमिक टाइल. ती आता डागाळलीय, म्हणून नवीन बसवायची. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तोडफोड कशाला? सिमेंटची स्लरी ओततो न् वरच बसवतो." खालच्या मजल्यावर म्हातारं माणूस, वर ब्रेकरचा आवाज आणि खोलीभर धूळ. त्यामुळे मावशी लगेच तयार.

वर बसवायला माझी हरकत नव्हती, स्लरीला होती. ओलं सिमेंट विटेच्या किंवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि आतच त्याचे सुईसारखे स्फटिक वाढतात. ते तिथे अडकतात, म्हणून सिमेंट धरून राहतं. टाइलची वरची चकचकीत ग्लेझ म्हणजे काच. तिला छिद्रं नाहीत, मग स्फटिकांनी अडकायचं कुठे? मी एका जुन्या टाइलवर स्लरीचा थर देऊन आठवडाभर ठेवला. पटाशीचं टोक घातलं तर अख्खी पापडी सुटून आली आणि तिची खालची बाजू ग्लेझसारखी गुळगुळीत होती. मिस्त्रीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि गप्प बसला.

अशा जागी पॉलिमर असलेलं अॅडहेसिव्ह लागतं. त्यातलं पॉलिमर छिद्रांची वाट न बघता काचेलाही चिकटतं आणि सुकल्यावर थोडं लवचीकही राहतं. पिशवीवर 'टाइलवर टाइल' असा वापर स्पष्ट छापलेला हवा. तरी वर्षानुवर्षांचं फिनाइल आणि तेलकटपणा घासून काढावाच लागतो, आणि ग्राइंडरने ग्लेझ खरवडून घेतलेली बरी.

पण अॅडहेसिव्ह कितीही भारी असलं तरी ते जुन्या टाइलला धरणार. जुनी टाइल खालच्या मालाला धरून नसेल तर दोन्ही मिळून उठतील. म्हणून नाणं. हॉलच्या 160 टाइल मी एकेक करून वाजवल्या. घट्ट टाइल 'टक्' करते, सुटलेली मडक्यासारखी वाजते. पोकळ निघाल्या 23, आणि त्यातल्या 19 एकाच जागी, बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी. कारण समोरच होतं. दार पश्चिमेला, दुपारभर ऊन, टाइल एकमेकींना टेकवून बसवलेल्या आणि भिंतीशीही फट नाही. तापलेली टाइल फुगते, फुगायला जागा नसली की वर उचलली जाते. पोकळ टाइल खोलीभर अशाच विखुरलेल्या असत्या तर मी सगळंच काढायला लावलं असतं. इथे दारापाशीचा पट्टा आणि बाकीच्या चार टाइल काढून खळगे मसाल्याने भरून जुन्या पातळीला आणले. नव्या टाइलमध्ये 2 मिमीचे स्पेसर घातले आणि भिंतीकडेने 6 मिमी फट मोकळी ठेवली. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

वजनाची भीती मावशीला होती, ती फारशी खरी नाही. 9 मिमीची टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला साधारण 26 किलो. घराचा स्लॅब माणसं-सामानासाठीच चौरस मीटरला 200 किलो धरून काढतात.

खरी पंचाईत उंचीची. 9 मिमी टाइल, 4 मिमी अॅडहेसिव्ह, म्हणजे जमीन 13 मिमी वर. दाराखाली फट होती 5 मिमी, म्हणजे दारं उतरवून खालून कापणं आलं. ते सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. बाल्कनीच्या दाराचा ट्रॅक मात्र हलत नाही. तो जमिनीपेक्षा 18 मिमी उंच होता, आता 5 उरणार. बाल्कनीही वर घेतली असती तर ट्रॅकची पाणी बाहेर सोडणारी भोकं बुजली असती आणि पावसाळी वाऱ्यात पाणी थेट सोफ्याखाली आलं असतं. म्हणून बाल्कनीला हात लावला नाही. स्वयंपाकघर तसंच ठेवायचं होतं, तिथे 13 मिमीची धार उरली. मोठी पायरी दिसते, एवढीशी धार दिसत नाही आणि पाय तिथेच अडखळतो. तिथे उतरती ग्रॅनाइटची पट्टी लावली.

बसवताना एक तपासणी चुकवली नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये पसरलेल्या अॅडहेसिव्हवर पंधरा मिनिटांतही साय धरते. बोट लावल्यावर माल बोटाला आला नाही तर तो खरवडून टाकायचा, वर पाणी शिंपडून चालवायचं नाही. सुरुवातीची एक टाइल बसवून लगेच उचलली. मागे कोपरे कोरडे होते. मग दातेरी करणीने जमिनीवर माल ओढण्याबरोबर टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारायला लावला.

बाथरूमची फरशी मात्र तोडलीच. मावशीने तिथेही वरून बसवायचा हट्ट धरला होता. पण खालच्या घराच्या छताला ओल दिसत होती, म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलेलं, आणि ते जुन्या फरशीच्या खाली असतं. शिवाय 13 मिमी वर आल्यावर नहाणीची जाळी खड्ड्यात गेली असती, आणि उंबरठ्यापाशी जेमतेम सात-आठ मिमी पायरी उरली असती ती वेगळीच. तीन दिवस खालच्या आजोबांना दुपारची झोप दुसरीकडे काढावी लागली.