शहरी हवा, गोंगाट, गर्दीचा प्रवास आणि रक्तदाब (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

दूषित हवा, रहदारीचा आवाज आणि रोजच्या प्रवासाची दगदग यांचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला, की रक्तदाबाची सरासरी पातळी हळूहळू वर सरकते. एकेका माणसात ही वाढ बहुधा काही मिमी पाऱ्याचीच असते. मीठ, वजन आणि दारू यांचा वाटा सहसा तिच्याहून मोठा. ग्रामीण विदर्भात हा प्रश्न मुख्यतः कामासाठी नागपूर-पुण्याला राहणाऱ्या आणि सणावाराला गावी येणाऱ्यांचा आहे. त्यांचा बीपी शहरात एक भरतो आणि गावात दुसरा.

यातला सर्वात दुर्लक्षित भाग रात्रीचा आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतो आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत मिळते. रस्त्यालगतच्या खोलीत ट्रकचा हॉर्न वाजला की झोपलेल्याला जाग येतेच असे नाही, पण मेंदू आवाज टिपतो, शरीराला सावध करणारी अनुकंपी मज्जासंस्था चेतते आणि नाडी व दाब क्षणभर चढतात. सकाळी त्याला विचारले तर ‘झोप छान झाली’ असेच तो सांगेल. अशा रात्री साचत गेल्या की रात्रीची घट कमी होते. युरोपातील सहा मोठ्या विमानतळांच्या परिसरातील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने जास्त असलेल्या ठिकाणी उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आढळली. भारतात निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हमरस्त्यालगत ती पाळली जाणे अवघडच.

हवेतील २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांनी होणाऱ्या दाहामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर नीट सैलावत नाही आणि काही वर्षांत धमन्या ताठर होऊ लागतात. या कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली फक्त ५. गर्दीच्या प्रवासाचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढणे कठीण जाते, कारण त्यात धूर, आवाज, कमी झोप आणि अवेळी जेवण एकत्रच येतात.

मोजमापात फसगत कशी होते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. आर्वी तालुक्यातला चाळिशीचा माणूस बुटीबोरीत कामाला आहे आणि नागपुरात रिंग रोडलगत भाड्याने राहतो. जानेवारीत त्याने खोलीवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजला. सरासरी १३८/८८ आली. मे महिन्यात गावी ती १२८/८१ भरली. घरच्या मोजणीत १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सीमा मानतात. तेव्हा ‘गावची हवा मानवली’ म्हणून गोळी नको, असे त्याला वाटणारच. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्या पसरतात, घामाने पाणी व मीठ जाते आणि दाब उतरतो. त्यात सुटीतली झोप वेगळीच. म्हणजे १० मिमीच्या फरकातला शहराचा हिस्सा यावरून सांगता येत नाही. तुलना करायची तर ऋतू, यंत्र आणि वेळ तीच हवी, पाच मिनिटे बसून मगच मोजावे. रात्रीचा दाब पाहायला चोवीस तास दंडावर राहणारे यंत्र लागते. त्यावर रात्रीची सरासरी १२०/७० किंवा अधिक आली तर दिवसाचे आकडे चांगले असूनही धोका आहे.

शिवाय गाव म्हणजे स्वच्छ हवा, हे गृहीतही तपासावे लागते. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर पेटणाऱ्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या श्वासात बारीक कण रस्त्याकडेच्या माणसापेक्षा जास्त जाऊ शकतात. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली दिल्यावर बायकांचा वरचा दाब सरासरी ३ ते ४ मिमीने कमी भरला होता. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, वीज केंद्र आणि कोळशाचे ट्रक यांमुळे आसपासच्या गावांनाही धूळ आणि आवाज दोन्ही आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेल्या अभ्यासात सुमारे दर सातवा मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि पक्षाघाताचे मोठे कारण उच्च रक्तदाब हेच आहे.

गोळी चालू असलेल्याने गावी आल्यावर आकडा उतरला म्हणून ती परस्पर बंद करू नये. मात्र भर उन्हाळ्यात उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून आणि उभ्याने असे दोन्ही बीपी मोजून घ्यावेत. उभ्याने वरचा दाब २० मिमी किंवा जास्त घसरला, तर डोस कमी करायचा का ते प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.